ट्रॅक्टरच्या विमा पॉलिसीचा फोटो कसा वाचायचा: रक्कम कुठे, काय वगळलंय, मुदत कधीपर्यंत



डोकारे कारखान्याच्या ऊसतोडीचा हंगाम जवळ येतोय. ट्रॅक्टर रस्त्यावर जास्त फिरणार, आणि बऱ्याच जणांचे विमेही दिवाळीच्या आसपास संपतात, कारण खरेदी दसरा-दिवाळीची असते. पॉलिसी बहुतेकांकडे एजंटने पाठवलेल्या फोटोच्या रूपात मोबाईलमध्ये पडून असते. आज तो फोटो उघडून बसा. मी सांगतो तसं एकेक ओळ शोधत चला.

*आधी फोटो पुरता आहे का ते बघा*

ज्या कागदावर तुमचं नाव, गाडी नंबर, रक्कम आणि तारखा असतात त्याला पॉलिसी शेड्यूल म्हणतात. ते बहुतेक वेळा दोन-तीन पानांचं असतं, पण फोटो येतो फक्त पहिल्या पानाचा. काय मिळणार ते पहिल्या पानावर आणि काय मिळणार नाही ते बहुधा पुढच्या पानावर, त्यामुळे एकाच पानाचा फोटो म्हणजे अर्धी पॉलिसी. एजंटकडून पीडीएफ फाईल मागा. तीही फोटो म्हणून नको, व्हॉट्सॲपवर "Document" मधून पाठवायला सांगा. साधा फोटो पाठवताना व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं, मग मोठा करून बघितला की 3 आणि 8 सारखेच दिसतात. कागदावरून स्वतः फोटो काढत असाल तर कागद सपाट ठेवून, अंगणातल्या उजेडात, फ्लॅश बंद करून, मोबाईल बरोबर वरून धरा. चारही कोपरे दिसले पाहिजेत.

एका सभासदाच्या परवानगीने त्यांचं शेड्यूल आपण उदाहरणाला घेऊ. नाव-नंबर काढलेत, आणि आकडे हिशोबाला सोपे जावेत म्हणून गोल केलेत. ट्रॅक्टर २०२२ च्या दसऱ्याला घेतलेला, तेव्हाची किंमत साडेसहा लाख.

*पॉलिसीचं नाव आणि रक्कम*

सगळ्यात वर "Package Policy" लिहिलंय की "Liability Only" ते बघा. "Liability Only" म्हणजे तुमच्या ट्रॅक्टरने दुसऱ्याचं नुकसान झालं तर तेवढंच. तुमचा स्वतःचा ट्रॅक्टर जळो, चोरीला जावो की नाल्यात पडो, एक रुपयाही नाही. नूतनीकरणाच्या वेळी "भाऊ, स्वस्तात करून देतो" म्हटलं की पुष्कळदा हेच झालेलं असतं. आपल्या उदाहरणात "Package" आहे, म्हणजे दोन्ही बाजू आहेत.

आता "IDV" शोधा. ट्रॅक्टर चोरीला गेला किंवा पार मोडला तर जास्तीत जास्त मिळणारी रक्कम ही. आपल्या शेड्यूलवर 4,55,000 आहे. दोन ते तीन वर्षांच्या गाडीला किमतीतून ३० टक्के घट धरतात, साडेसहा लाखांतून १,९५,००० गेले, म्हणजे आकडा बरोबर आहे. दुरुस्तीचा खर्च या रकमेच्या ७५ टक्क्यांवर, इथे ३,४१,२५० च्या वर गेला, तर गाडी पूर्ण नुकसानीत धरली जाते. हप्ता कमी दाखवण्यासाठी हा आकडा खाली ओढलेला असेल तर हप्त्यात थोडेच पैसे वाचतात. चोरी झाली तर मात्र लाखाचा फटका बसतो.

दुसऱ्याच्या नुकसानीची मर्यादा "Limits of Liability" या ओळीत असते. माणूस दगावला किंवा जखमी झाला तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे जेवढी लागेल तेवढी भरपाई, तिला आकडा नसतो. दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी, म्हणजे कुणाची गाडी, भिंत, दुकान, 7,50,000 छापलेलं असतं. तिथे 6,000 दिसलं तर समजा की थोडा हप्ता वाचवायला ही मर्यादा कमी करून घेतलीय. हायवेवर समोरच्या गाडीचा एक दिवा फुटला तरी सहा हजार पुरत नाहीत.

*IMT 21 आणि IMT 23: छोटे आकडे, मोठा फरक*

शेड्यूलवर कुठेतरी "Endorsements" किंवा "IMT" अशी ओळ असते आणि पुढे नुसते नंबर. ही ओळ कुणी वाचत नाही, पण माझ्या मते पूर्ण कागदात सगळ्यात कामाची हीच. आपल्या उदाहरणात आहेत 7, 21, 28.

7 म्हणजे ट्रॅक्टरवर बँकेचा बोजा आहे. कर्ज फिटलं असूनही हा नंबर असेल तर आधी आरसी बुकावरचा बोजा उतरवा, मग पॉलिसीवरचा. नाहीतर पूर्ण नुकसानीचे पैसे आधी बँकेकडे जातात. 28 म्हणजे पगारी ड्रायव्हरची कायदेशीर जबाबदारी विमा कंपनीने घेतलीय. चांगलं आहे.

आता 21 बघा. याचा अर्थ, गाडी पूर्ण नुकसानीत गेल्याशिवाय दिवे, टायर-ट्यूब, मडगार्ड, बॉनेट, बाजूचे पत्रे, बंपर आणि रंग यांचे पैसे मिळणार नाहीत. ट्रॅक्टर कलंडला की पहिल्यांदा हेच मोडतं! जास्तीचा हप्ता भरून हे भाग परत विम्यात घेता येतात, त्याचा नंबर 23. उदाहरणात 23 नाही.

त्याने काय होतं ते हिशोबातच बघा. धरा, जुलै २०२५ मध्ये चिखलात घसरून ट्रॅक्टर नाल्यात कलंडला. गॅरेजचं बिल ९२,००० रुपये. त्यात लोखंडी सुटे भाग ४०,०००, टायर २२,०००, बॉनेट-मडगार्ड-हेडलाईट १८,००० आणि मजुरी १२,०००. ट्रॅक्टर दोन ते तीन वर्षांचा, म्हणून लोखंडी भागांवर १५ टक्के घट, राहिले ३४,०००. टायरचे शून्य. बॉनेट-मडगार्ड-हेडलाईटचे शून्य. मजुरी पूर्ण १२,०००. झाले ४६,०००. शेड्यूलवर "Compulsory Deductible" 2,000 आहे, तो प्रत्येक दाव्यातून वजा. हातात येतात ४४,००० आणि खिशातून जातात ४८,०००. नंबर 23 असता तर ते ४०,००० चे भाग हिशोबात आले असते. पूर्ण मिळाले नसते, कारण टायरसारख्या रबरी वस्तूंवर निम्मी घट धरतात, पण शून्यही नसतं.

*ट्रॉलीचा रकाना*

आपल्या भागातली खरी अडचण इथे आहे. ट्रॉलीची नोंदणी वेगळी, नंबर वेगळा, तसा तिचा विमाही वेगळा दाखवावा लागतो. शेड्यूलवर "Trailer" रकाना असतो, त्यात ट्रॉलीचा नंबर आणि तिची रक्कम हवी. आपल्या उदाहरणात तिथे "Nil" आहे. म्हणजे ट्रॅक्टर विम्यात आणि ट्रॉली बाहेर. विसरवाडी-नवापूर महामार्गावर भरलेल्या ट्रॉलीला कुणी धडकलं आणि जीव गेला, तर विमा कंपनी "ट्रॉलीचा विमाच नव्हता" म्हणून वाद घालते. काही प्रकरणांत न्यायालय विमा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतं आणि नंतर ती मालकाकडून वसूल करायची परवानगी देतं. म्हणजे शेवटी गोष्ट जमिनीवर येते.

याच्याच खाली "Limitations as to Use" वाचा. तिथे बहुतेक असं असतं की वापर फक्त शेती आणि वनीकरणाच्या कामासाठी, भाड्याने वापर चालणार नाही. स्वतःच्या शेतातला ऊस कारखान्यावर नेणं हे शेतीचं काम. शेजाऱ्याचा ऊस टनामागे पैसे घेऊन नेणं, वाळू-विटा वाहणं हे भाडं. हंगामात तुम्ही भाड्याने वाहतूक करणार असाल तर तसं विमा कंपनीला आधी सांगून वापराचा प्रकार बदलून घ्या. हप्ता वाढतो, हे खरं.

आणि "Seating Capacity" समोर 1 आहे ते बघा. तो एक म्हणजे ड्रायव्हर. बाजाराला, लग्नाला, मजुरीला ट्रॉलीत बसून जाणारी माणसं या पॉलिसीत नाहीत. मडगार्डवर बसलेला पोरगाही नाही. ड्रायव्हरचं लायसन अपघाताच्या दिवशी चालू नसेल तर तीही वादाची जागा, ही अट "Driver's Clause" मध्ये असते.

*मुदत*

"Period of Insurance" शोधा. उदाहरणात लिहिलंय 14/11/2024 रोजी 00:00 पासून 13/11/2025 च्या मध्यरात्रीपर्यंत. म्हणजे १३ तारखेचा पूर्ण दिवस विमा आहे आणि रात्री बारा वाजता संपला. १४ ला सकाळी ट्रॅक्टर काढला तर बिनविम्याचा. शेड्यूलवर आणखी दोन तारखा असतात, पॉलिसी छापल्याची आणि पावतीची. त्यांचा मुदतीशी संबंध नाही, पण घाईत तीच तारीख मनात धरली जाते.

मुदत संपल्यावर पैसे भरले तर नवा विमा त्या वेळेपासून पुढे सुरू होतो, मागचे दिवस भरून निघत नाहीत. पॅकेज पॉलिसी असेल तर गाडीची पाहणीही करतात. ९० दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर दावा न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट जाते. चेक दिला असेल तर तो वटला का ते बघा. विम्याच्या कायद्याप्रमाणे हप्ता जमा झाल्याशिवाय विमा कंपनीची जबाबदारी सुरू होत नाही.

फोटो खरा की जुना अशी शंका असेल तर "mParivahan" ॲपमध्ये गाडी नंबर टाका, विम्याची शेवटची तारीख दिसते. फोटोतल्या तारखेशी जुळवा. ट्रॉलीचा नंबरही वेगळा टाकून बघा. मोटरसायकलचं शेड्यूल वाचताना एक वेगळं: नव्या गाडीला दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा पाच वर्षांचा आणि स्वतःच्या गाडीचा बहुतेक एकच वर्षाचा असतो, म्हणून तिथे दोन तारखा दिसतील.

ट्रॉली किंवा 23 नंबर आत्ता जोडायचा असेल तर मुदत संपायची वाट बघायची गरज नाही. विमा कंपनीला लेखी अर्ज द्या, ट्रॉलीचं आरसी बुक जोडा आणि उरलेल्या महिन्यांचा हप्ता भरा. दुरुस्तीचं पत्रक येतं, त्यावरच्या तारखेपासून ते लागू. ते पत्रक मिळालं की त्याचाही फोटो पॉलिसीच्या शेजारी ठेवा, कारण मूळ शेड्यूलवर जुनंच "Nil" राहतं.

शेड्यूलची सगळी पानं घेऊन या, चिंचपाडा केंद्रावर मी समोर बसून वाचून देईन. ग्रुपवर मात्र टाकू नका, त्यावर तुमचा मोबाईल नंबर, इंजिन नंबर आणि पत्ता असतो.

– कृषी सल्लागार, चिंचपाडा केंद्र