फळ्याचा फोटो म्हणजे इतिवृत्त नव्हे
बैठकीतल्या खुणांवरून कामे, जिम्मेदार आणि ई-मेल कसे तयार करावे



आजकाल आपल्या बैठकांतही पांढरा फळा आला आहे. चार माणसे जमतात, मार्करने काहीतरी लिहितात, उठताना एकजण मोबाईलवर फोटो काढून ग्रुपवर टाकतो आणि सगळे समजतात की काम झाले. प्रत्यक्षात काम येथूनच सुरू व्हायला हवे. फोटोत फक्त खुणा असतात. त्या खुणांचा अर्थ बैठकीला बसलेल्यांच्या डोक्यात असतो आणि तो दोन दिवसांत विरून जातो.

हे मी नुकसान सोसून शिकलो. २०२४ च्या उन्हाळ्यात अनसिंगला आम्ही काही कापडवाल्यांनी आणि शिंपी बांधवांनी मिळून शाळेच्या गणवेशाचे काम घेतले. फळ्यावर खिशाच्या कापडापुढे ‘१ थान’ असे मराठी आकड्यात लिहिले होते. फोटोवरून ऑर्डर देणाऱ्या मुलाने तो इंग्रजी नऊ समजला, कारण मराठी एक आणि इंग्रजी नऊ हाताने लिहिल्यावर जवळजवळ सारखेच दिसतात. नऊ थान आले. एक खपले, आठ अडकले. चूक मुलाची नव्हती. त्याच्या हातात फोटो दिला होता, ऑर्डर दिलीच नव्हती.

पुढच्या वर्षी, रविवार, ४ मे २०२५ रोजी त्याच कामाची बैठक झाली. तेव्हा लिहिण्याची जबाबदारी मी घेतली. ती कशी पार पाडली, ते क्रमाने सांगतो.

फोटो काढताना

फळा पुसण्याआधी त्यावर तारीख आणि हजर असलेल्यांची नावे लिहून घ्यावीत. फ्लॅश बंद ठेवावा. फ्लॅशचा किंवा ट्यूबलाइटचा पांढरा डाग नेमका आकड्यावर पडतो. डाग दिसला तर एक पाऊल बाजूला सरकावे. आधी पूर्ण फळ्याचा एक फोटो घ्यावा. मग जवळ जाऊन भागाभागाने घ्यावेत, आणि प्रत्येक फोटोत शेजारच्या भागाची एखादी ओळ आलीच पाहिजे, म्हणजे जोडताना चूक होत नाही. त्यानंतर फोटो मोठा करून प्रत्येक आकडा वाचता येतो का ते पाहावे. हिरवा आणि सुकत आलेला मार्कर फोटोत सर्वात फिका येतो. वाचता येत नसेल तर फळा समोर आहे तोवरच तो शब्द पुन्हा गिरवून घ्यावा.

आधी जसेच्या तसे उतरवावे

घरी बसल्यावर पहिली चूक होते ती ही, की आपण फोटो पाहून सरळ कामांची यादी करायला लागतो. तसे करू नये. आधी फळ्यावरची प्रत्येक ओळ क्रमांक देऊन, काहीही न सुधारता कागदावर उतरवावी. खोडलेली ओळ खोडलेली म्हणून, वर्तुळातली वर्तुळात म्हणून, आणि न वाचता येणारी ‘अस्पष्ट’ म्हणून लिहावी. त्या दिवशीच्या फळ्यावर हे होते:

१. गडद निळा – ३०० – भिलवाडा
२. पांढरे शर्टिंग – भाव?
३. खिशाचे कापड – १ थान
४. मापे – शाळा – बुधवार
५. अॅडव्हान्स ३० टक्के (पुढे बरोबरची खूण)
६. गाडी + ई-वे बिल (पुढे दोन नावे)
७. माल ईदच्या आधी
८. शिलाई – उधार नाही (वर्तुळात)
९. बटन ... (पुढचे अस्पष्ट)

नावे फळ्याच्या डाव्या बाजूला होती. आमच्यापैकी बरेचजण उर्दू शाळेत शिकलेले. मार्कर ज्यांच्या हातात होता त्यांनी सवयीने रकाने उजवीकडून आखले. कामे उजवीकडे, नावे डावीकडे. फळ्यावर उभ्याने लिहिताना ओळ हळूहळू खाली उतरते. त्यामुळे तिसऱ्या कामाचे नाव चौथ्या कामासमोर आल्यासारखे दिसत होते. अशा वेळी मोबाईलमध्येच फोटोवर बोटाने रेघ ओढून प्रत्येक काम त्याच्या नावाला जोडावे. कामे आणि नावे संख्येने जुळली नाहीत, तर कोठेतरी ओळ घसरली आहे किंवा एखादे काम बेवारस राहिले आहे, हे लगेच कळते.

मग वेगळे करावे

उतरवलेल्या ओळी तीन ढिगांत टाकाव्यात: जे ठरले ते, जे करायचे ते, आणि जे अजून ठरले नाही ते. पाचवी आणि आठवी ओळ म्हणजे निर्णय. त्यावर कोणी काही करायचे नाही, फक्त पाळायचे आहे. नववी ओळ वाचताच येत नाही, म्हणून ती तिसऱ्या ढिगात. तेथे आपल्या अंदाजाने ‘बटन आणि चेन’ असे लिहून टाकण्याचा मोह होतो. तो टाळावा.

अंदाज फक्त प्रश्न विचारण्यासाठी वापरावा. पहिल्या ओळीत ३०० कशाचे, हे लिहिले नव्हते. पँट २४० शिवायच्या होत्या. सरासरी सव्वा मीटर धरले तर बरोबर ३०० मीटर होतात. म्हणजे मीटरच असणार. तरीही मी फोन करून विचारले आणि मगच ‘३०० (तीनशे) मीटर’ असे लिहिले. आकडा अंकात आणि अक्षरात दोन्ही लिहावा. चेकवर आपण लिहितोच.

कामाला एकच जिम्मेदार

‘करायचे ते’ या ढिगातल्या प्रत्येक ओळीत चार गोष्टी हव्यात: काय करायचे, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत, आणि झाले हे कशावरून समजायचे.

सहाव्या ओळीपुढे दोन नावे होती. दोन नावे म्हणजे दोघेही दुसऱ्याच्या भरवशावर. राज्याबाहेरून पन्नास हजार रुपयांवरचा माल येताना ई-वे बिल लागते. ते सहसा माल पाठविणारी पेढीच काढते. पण नंबर आला की नाही, हे विचारणारा एकच माणूस असावा. मी दोघांनाही फोन लावला. एकाने जिम्मा घेतला, दुसऱ्याचे नाव ‘मदत’ म्हणून राहिले.

तारखेचे तसेच. ‘ईदच्या आधी’ ही तारीख नव्हे. ४ मे रोजी जिलहिज्जचा चाँद दिसायला अजून तीन आठवड्यांहून जास्त अवकाश होता. बकरी ईद नेमकी कधी, हे कोणालाच ठाऊक नव्हते. पुढे ती ७ जूनला आली. शिवाय कोणासाठी ‘आधी’ म्हणजे आदला दिवस, तर कोणासाठी पंधरवडा. म्हणून सर्वांना विचारून ‘शनिवार, ३१ मे’ लिहिले. वार आणि तारीख दोन्ही लिहावे; एक चुकले तर दुसऱ्यावरून पकडता येते.

येथे दिव्य कुरआनातील सूरह अल-बकराची २८२ वी आयत आठवते. ती कर्जाच्या व्यवहाराबद्दल आहे आणि बैठकीतले काम म्हणजे कर्ज नव्हे. पण लिहिण्याची जी रीत तिच्यात सांगितली आहे, ती येथेही उपयोगी पडते. मुदत ठरलेली असावी, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, आणि मजकूर त्याने सांगावा ज्याच्यावर देणे आहे. ही शेवटची गोष्ट आपण विसरतो. काम ज्याच्या अंगावर आहे, त्याच्या तोंडून ते वाक्य वदवून घ्यावे. मी हाजी साहेबांच्या नावापुढे ‘शर्टिंगचे तीन ठिकाणचे भाव आणणे’ असे स्वतःच लिहिले होते. फोन केला तर ते म्हणाले, “भाई, मी एकाच पेढीचे कबूल केले होते. बाकी दोन माझ्या ओळखीचे नाहीत.” लिहिणाऱ्याने आपल्या मनाचे वाढवले की असे होते.

ई-मेल

इतिवृत्त, ज्याला आपण उर्दूत रूदाद म्हणतो, ते दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत गेले पाहिजे. सर्वांचे पत्ते उघड ठेवावेत, म्हणजे कोणाला काय कळविले ते प्रत्येकाला दिसते. मजकूर पत्रातच लिहावा आणि फोटो खाली जोडावा. कारण नेट मंद असले की जोडलेली वस्तू कोणी उघडत नाही. मी सोमवारी पाठविलेले पत्र असे होते. मूळ पत्रात पूर्ण नावे होती, येथे ती धंद्यावरून दिली आहेत.

> विषय: गणवेश बैठक, ४ मे २०२५ – इतिवृत्त, कामे व तारखा
>
> अस्सलामु अलैकुम.
>
> ठरले: शिलाई रोखीने, उधार नाही. कापडाला ३० टक्के अॅडव्हान्स.
>
> कामे:
> १. शाळेतून मापांची यादी आणणे – मोठे भाई – बुधवार, ७ मे – यादी मास्तरांच्या हातात.
> २. गडद निळे सूटिंग ३०० (तीनशे) मीटर, भिलवाड्याला लेखी ऑर्डर व अॅडव्हान्स – मी – गुरुवार, ८ मे – पेढीची पोच.
> ३. पांढऱ्या शर्टिंगचा एका पेढीचा भाव – हाजी साहेब – शनिवार, १० मे – भावाचा कागद.
> ४. खिशाचे कापड १ (एक) थान – मास्तर – सोमवार, १२ मे – बिल.
> ५. बिलटी व ई-वे बिलाचा नंबर सर्वांना कळविणे, माल दुकानात उतरवून घेणे – ट्रान्सपोर्टवाले भाई (मदत: माझा भाचा) – शनिवार, ३१ मे – मोजलेला माल.
>
> बाकी: फळ्यावरची ‘बटन’ची ओळ वाचता आली नाही. कोणाला आठवत असेल तर कळवावे.
>
> दुरुस्ती मंगळवार, ६ मे संध्याकाळपर्यंत कळवावी. फळ्याचा फोटो जोडला आहे.

दुरुस्ती आली. मोठ्या भाईंनी बटनाची ओळ सांगितली: बटन मास्तरांनी नव्हे, दुकानातून द्यायचे होते. मी जुने पत्र तसेच ठेवून ‘सुधारित’ असे विषयात लिहून दुसरे पाठविले, आणि काय बदलले ते पहिल्या ओळीत सांगितले. गुपचूप बदललेले इतिवृत्त भांडणाचे कारण होते.

दोन गोष्टी या पद्धतीने सुटत नाहीत. एक, उत्तर आले नाही म्हणजे कबूल, असे समजू नये. आमचे मास्तर ई-मेल उघडत नाहीत. मी पत्र छापून त्यांच्या मशीनपाशी नेले, वाचून दाखवले आणि सही घेतली. दुसरी, फळ्यावर कधीकधी खरेदीचे भावही लिहिलेले असतात. तो फोटो बैठकीबाहेर जाऊ देऊ नये. पाठवण्याआधी तेवढा भाग कापावा.

विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, तेवढी सवड आपल्याला मिळते. त्या वर्षी ती पुरली. खिशाच्या कापडाचे एकच थान आले. आधीच्या वर्षीची आठ अजून माझ्या माळ्यावर आहेत.