घटक ६ : लेखापरीक्षकांच्या शंकांना ई-मेलद्वारे उत्तर

६.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपल्याला
• लेखापरीक्षकांच्या शंकेला कागदपत्राच्या नेमक्या संदर्भासह उत्तर लिहिता येईल;
• दोन उत्तरांतील आकडे परस्परांशी सुसंगत आहेत का, हे तपासता येईल;
• प्रलंबित मुद्द्यांची यादी ठेवता येईल.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण कार्यालयीन पत्राची रचना पाहिली. लेखापरीक्षकांना पाठवायचे उत्तर हेही कार्यालयीन पत्रच असते. परंतु त्याची कसोटी वेगळी आहे. सामान्य पत्र वाचणाऱ्याला ते पटावे, एवढी अपेक्षा असते. लेखापरीक्षकाचे काम मात्र पटण्यावर थांबत नाही. त्याला आपले विधान मूळ कागदाशी ताडून पाहावे लागते. म्हणून आपल्याला पुन्हा काहीही न विचारता त्याला ज्याची पडताळणी करता येते, ते उत्तर पूर्ण समजावे.

हे एका उदाहरणाने पाहू. एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचे २०२४-२५ या वर्षाचे लेखापरीक्षण चालू आहे, असे समजा. संस्थेचे सचिव आपण आहात. लेखापरीक्षकांनी ई-मेलने तीन शंका विचारल्या आहेत :

१) ३१ मार्च २०२५ रोजी रोकडवहीप्रमाणे बँक शिल्लक ₹ ४,१२,६५० आहे, बँकेच्या विवरणात ती ₹ ४,३८,१५० आहे. फरक का?
२) ताळेबंदात सभासदांकडून येणे ₹ ८६,४०० आहे. सभासदनिहाय यादी द्यावी.
३) पाण्याच्या पंपाच्या दुरुस्तीचा खर्च ₹ १४,२००, प्रमाणकासोबत बिल नाही.

६.३ कागदपत्राचा संदर्भ

पहिल्या शंकेला पुष्कळदा असे उत्तर दिले जाते : “काही धनादेश वटायचे राहिल्याने फरक आहे. विवरण सोबत जोडले आहे.” हे विधान खरे असेलही, पण कोणते धनादेश, किती रकमेचे आणि ते पुढे वटले का, हे त्यातून कळत नाही. जोडलेल्या विवरणाची बारा पाने असतील, तर शोधण्याचे काम लेखापरीक्षकावर पडते आणि दुसऱ्या दिवशी नवी शंका येते. त्याऐवजी पुढील उत्तर पाहा.

“शंका क्र. १ : फरक ₹ २५,५००. संस्थेने मार्चमध्ये दिलेले दोन धनादेश (नळकाम ₹ १८,०००, सुरक्षारक्षक सेवा ₹ १२,०००) ३१ मार्चपर्यंत वटले नव्हते. तसेच २९ मार्च रोजी बँकेत भरलेला सदनिका क्र. ७ चा ₹ ४,५०० चा धनादेश तोवर जमा झाला नव्हता. जुळवणी : ४,३८,१५० − ३०,००० + ४,५०० = ४,१२,६५०. पुरावा : जोडपत्र १-अ, बँक जुळवणी पत्रक, जोडपत्र १-आ, एप्रिल २०२५ चे बँक विवरण, पृष्ठ १ (२, ५ व ९ एप्रिलच्या नोंदी).”

येथे एप्रिलचे विवरण का जोडले, ते लक्षात घ्या. जुळवणी पत्रक संस्थेनेच तयार केलेले असते. ते धनादेश खरोखरच वाटेत होते, हे बाहेरच्या कागदावरून, म्हणजे पुढील महिन्याच्या बँक विवरणावरूनच सिद्ध होते. जोडपत्राला शंकेचाच क्रमांक दिल्यामुळे कोणता कागद कोणत्या उत्तराचा, हा प्रश्न उरत नाही. संगणकातील फाइलचे नावही तेच ठेवावे.

६.४ आकड्यांची सुसंगती

आता दुसरी शंका. आपण सभासदनिहाय यादी तयार केली आणि तिची बेरीज ₹ ८१,९०० आली. ताळेबंदात मात्र ₹ ८६,४०० आहेत. अशा वेळी यादी तशीच पाठवून देण्याचा मोह होतो. लेखापरीक्षक सर्वप्रथम बेरीजच ताडून पाहतो. न सांगितलेला फरक त्याला सापडला की उरलेल्या उत्तरांवरचा त्याचा विश्वासही कमी होतो.

फरक ₹ ४,५०० आहे, आणि हाच आकडा पहिल्या उत्तरात आला आहे. तेथून शोध घेता कारण सापडते. सदनिका क्र. ७ च्या सभासदाने थकबाकीपोटी दिलेली रक्कम सभासद नोंदवहीत बरोबर वजा झाली. खतावणीत मात्र ती ‘आगाऊ जमा देखभाल शुल्क’ या खात्यात गेली. परिणामी येणे ₹ ४,५०० ने जास्त आणि आगाऊ जमा हे देणेही तेवढ्यानेच जास्त दिसते. दोन्ही बाजू सारख्याच फुगल्याने ताळेबंद जुळतो. ताळेबंद जुळला म्हणजे चूक नाही, असा निष्कर्ष त्यामुळेच काढता येत नाही. उत्तरात हे उघडपणे लिहावे :

“शंका क्र. २ : यादीची बेरीज ₹ ८१,९०० (जोडपत्र २-अ). ताळेबंदाच्या मसुद्यातील ₹ ८६,४०० हा आकडा चुकीचा होता. सदनिका क्र. ७ ची रक्कम आगाऊ जमा खात्यात नोंदली गेली होती. दुरुस्तीची नोंद जोडपत्र २-आ मध्ये आहे. बँक शिल्लक आणि शंका क्र. १ चे उत्तर यांत बदल होत नाही.”

शेवटचे वाक्य विसरू नये. एक आकडा बदलला की तो आणखी कोठे आला आहे, हे आपणच तपासून सांगायचे असते. जुना आकडा, नवा आकडा आणि बदलाचे कारण ही तिन्ही एकत्र आली, तर दुरुस्ती प्रामाणिक ठरते. नवा आकडा गुपचूप आला, तर तोच संशयाचे कारण होतो.

६.५ प्रलंबित मुद्द्यांची यादी

तिसऱ्या शंकेचे उत्तर आज देता येत नाही, कारण बिल गहाळ आहे. “बिल लवकरच पाठवतो” हे वाक्य टाळावे. ‘लवकरच’ या शब्दाला तारीख नसते. मागील तारखेचे नवे बिल तयार करून घेणे तर सर्वथा अयोग्य होय. दुरुस्ती करणाऱ्याकडून ‘दुसरी प्रत’ असा उल्लेख असलेली बिलाची प्रत मागवावी आणि रक्कम धनादेशाने दिली असल्यास बँक विवरणातील ती नोंद तूर्त दाखवावी. मुद्दा मात्र यादीत खुलाच ठेवावा. प्रत्येक ई-मेलच्या शेवटी ही यादी द्यावी :

| शंका | स्थिती | जबाबदारी | तारीख |
|---|---|---|---|
| १. बँक फरक | उत्तर दिले, १२ जून | लेखापरीक्षकांची पडताळणी | – |
| २. सभासद येणे | सुधारित उत्तर, १७ जून | लेखापरीक्षकांची पडताळणी | – |
| ३. पंप बिल | खुला. दुसरी प्रत मागवली | सचिव | २४ जून |

‘उत्तर दिले’ आणि ‘मुद्दा बंद’ या दोन वेगळ्या स्थिती आहेत. उत्तर आपण देतो. मुद्दा बंद झाल्याचे लेखापरीक्षक सांगतात. त्यांनी तसे कळवल्यावरही ती ओळ काढून टाकू नये, बंद झाल्याची तारीख घालून ठेवावी. क्रमांकही बदलू नयेत. बिल २४ जूनपर्यंत मिळाले नाही, तर त्याच दिवशी तसे कळवून नवी तारीख द्यावी. शेवटपर्यंत न मिळाल्यास तो आक्षेप अहवालात येईल आणि संस्थेला दोषदुरुस्ती अहवालात त्याचे उत्तर द्यावे लागेल. पण मुद्दा लपवला नव्हता, हे या यादीवरून सभासदांनाही दिसेल.

६.६ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१) “विवरण सोबत जोडले आहे” हे उत्तर अपुरे का ठरते?
२) सदनिका क्र. ७ ची चूक होऊनही ताळेबंद कसा जुळला, ते सांगा.
३) २४ जून रोजी बिल मिळालेले नाही, असे समजून त्या दिवशीचा ई-मेल सुधारित यादीसह लिहा.