नव्या वेबसाइटचा मेल : खर्च किती आणि कशावर?

नगरच्या कापड बाजारातल्या एखाद्या साडीच्या दुकानाने जुनी वेबसाइट बदलून नवी केली, की एक काम उरते. आजवर खरेदी केलेल्या गिऱ्हाइकांना ते कळवायचे असते. वेबसाइट करून देणारा मग कोटेशनच्या तळाशी एक ओळ टाकतो : ‘लाँचिंग ईमेल – 5,000 रुपये’. यात पाठवण्याचे किती, लिहिण्याचे किती आणि तयारीचे किती, याची फोड मागितल्याशिवाय हो म्हणू नका. या कामात सगळ्यात स्वस्त असते ते पाठवणेच.

पाठवण्याचा खर्च

समजा, तुमच्याकडे 900 ईमेल पत्ते आहेत. साध्या जीमेलवरून 24 तासांत जास्तीत जास्त 500 जणांना मेल जातो, म्हणजे एका दमात काम होणार नाही. शिवाय घाईत सगळे पत्ते CC मध्ये टाकले, तर प्रत्येक गिऱ्हाइकाचा पत्ता बाकीच्या सगळ्यांना दिसतो. विश्वास गमावण्याचा याहून सोपा मार्ग नाही. म्हणून मेल पाठवण्याची स्वतंत्र सेवा घ्यावी. Brevo च्या मोफत योजनेत दिवसाला 300 मेल जातात, म्हणजे 900 पत्ते तीन दिवसांत संपतात आणि खर्च शून्य. Amazon SES ही सेवा हजार मेलला 10 सेंट घेते. रुपयांत ते दहाच्या आसपास बसतात, पण ती जोडायला जाणकार माणूस लागतो.

तीन दिवसांत विभागून पाठवण्याचा आणखी एक फायदा आहे. मेल गेला की दुकानात फोन सुरू होतात. पहिल्या दिवशी तीनशे जणांपैकी दहा जणांनी तीच अडचण सांगितली, तर उरलेल्या सहाशेंना मेल जाण्याआधी ती दुरुस्त करता येते.

कोणत्या पत्त्यावरून?

दुकानाचा पत्ता @gmail.com ने संपणारा असेल आणि मेल मात्र दुसऱ्या सेवेमार्फत निघाला, तर समोरच्या जीमेलला तो बनावट वाटतो आणि स्पॅममध्ये पडतो. नव्या वेबसाइटसाठी डोमेन घेतलेलेच असते, त्याच नावाचा मेलबॉक्स घ्या. एका मेलबॉक्सला, कंपनी आणि योजनेप्रमाणे, वर्षाला साधारण हजार ते अडीच हजार रुपये धरा.

नुसता मेलबॉक्स पुरत नाही. ‘या सेवेला आमच्या नावाने मेल पाठवायची परवानगी आहे’ हे डोमेनच्या सेटिंगमध्ये लिहावे लागते. त्या नोंदींची नावे SPF, DKIM आणि DMARC अशी आहेत. फेब्रुवारी 2024 पासून गुगलने दिवसाला 5,000 हून अधिक मेल जीमेलला पाठवणाऱ्यांना या तिन्ही सक्तीच्या केल्या. छोट्या दुकानाला इतकी सक्ती नसली, तरी तिन्ही करून घेणेच शहाणपणाचे. इथे एक चूक वारंवार होते. मेलबॉक्सवाला एक SPF नोंद करतो आणि मेलसेवेवाला दुसरी. एका डोमेनला SPF ची एकच नोंद चालते. दोन झाल्या की ती तपासणी फसते. नवी सेवा आली की जुन्याच ओळीत तिची भर घालायची.

हे नीट झाले का, ते तुम्ही स्वतः पाहू शकता. चाचणीचा मेल आपल्याच जीमेलवर मागवा, संगणकावर उघडा आणि तीन ठिपक्यांच्या यादीतून Show original निवडा. तिन्ही नावांपुढे PASS दिसले पाहिजे. एकापुढेही FAIL असेल तर पाठवणे थांबवा. हे काम अर्ध्या-एक तासाचे आहे आणि ते वेबसाइटच्या रकमेतच धरायला सांगा.

यादी साफ करणे

वहीतून उतरवलेल्या पत्त्यांत चुका असतात : gmail चे gmial, मधे जागा, एकाच घरातला पत्ता दोनदा. चुकीच्या पत्त्यांवरचे मेल परत येतात, आणि परत येणारे मेल वाढले की सेवा तुमचे खाते रोखू शकते. ज्यांनी केवळ बिलासाठी पत्ता दिला होता, त्यांना मेलच्या तळाशी ‘पुन्हा मेल नको’ ही सोय एका क्लिकवर द्या. ज्यांनी तसे कळवले त्यांची नावे खरोखर काढा. हे काम दुकानातला माणूस दोन संध्याकाळी करतो. बाहेर देऊन पैसे मोजण्यासारखे ते नाही.

पैसे खर्चावेत ते मजकुरावर

‘नवे रूप, नवा अनुभव’ या ओळीने पुण्याला राहणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकाला काही कळत नाही. त्याला हवी असतात अडचणींची उत्तरे. मजकूर असा असावा :

‘आता साडीचा पदर, काठ आणि आतली बाजू, तिन्हींचे फोटो दिसतील. पाठवणावळ पैसे भरण्याआधीच दिसेल : नगर शहरात मोफत, महाराष्ट्रात इतरत्र 90 रुपये. साडी बदलून हवी असल्यास सात दिवसांत कळवा.’

यात तीन सुधारणा आहेत आणि तिन्ही तपासता येतात. आकडे अर्थात तुमच्या दुकानाचे टाका.

दोन गोष्टी आवर्जून लिहाव्या लागतील. पहिली, जुना पासवर्ड. वेबसाइट नवी झाली की बहुधा जुना चालत नाही. पण ‘इथे क्लिक करून पासवर्ड बदला’ असा मेल ठगांच्या मेलसारखा दिसतो. त्याऐवजी ‘वेबसाइटचा पत्ता स्वतः टाइप करा आणि मोबाइल नंबरने आत या, आम्ही फोनवर ओटीपी विचारत नाही’ असे लिहा. दुसरी, पत्ता. जिल्ह्याचे आणि शहराचे नाव 2024 मध्ये अधिकृतपणे अहिल्यानगर झाले. नव्या वेबसाइटच्या जिल्ह्यांच्या यादीत नवे नाव असते, गिऱ्हाइकाच्या साठवलेल्या पत्त्यात जुने. ‘एकदा आपला पत्ता आणि पिनकोड तपासून घ्या’ ही ओळ पार्सल परत येण्याचा खर्च वाचवते.

आणि ‘फक्त आजच’ असे खोटे लिहू नका. केंद्राच्या 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत खोटी घाई आणि शेवटच्या पायरीवर शुल्क वाढवणे या दोन्ही गोष्टी फसव्या पद्धतींत मोडतात. ई-कॉमर्स नियम 2020 नुसार तक्रार अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क वेबसाइटवर हवा. तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्यात व्हायला हवे. मेलच्या तळाशी तोच संपर्क द्या.

सगळा हिशेब

900 पत्त्यांसाठी अंदाज असा : पाठवणे मोफत, मेलबॉक्स वर्षाला 1,000 ते 2,500, मजकूर लिहून, मोबाइलवर नीट दिसेल असा मांडून घेणे 1,500 ते 2,000. पहिल्या वर्षी एकूण अडीच ते साडेचार हजार. पुढच्या दिवाळीच्या मेलला फक्त मजकुराचा खर्च येईल, कारण मेलबॉक्स वेबसाइटला तसाही लागणारच.

पाथर्डी, जामखेडच्या बऱ्याच गिऱ्हाइकांचा फक्त मोबाइल नंबर तुमच्याकडे असेल. त्यांना व्हॉट्सअॅपच्या व्यावसायिक सेवेवरून जाहिरातीचा संदेश पाठवला, तर दर संदेशाला रुपयाच्या आसपास खर्च येतो आणि मधल्या कंपनीचे शुल्क वेगळे. एसएमएस स्वस्त पडतो, पण आधी DLT वर दुकानाची आणि मजकुराची नोंदणी लागते. एका घोषणेसाठी तो खटाटोप परवडत नाही.

म्हणून कोटेशनवर सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या : तिन्ही नोंदी PASS झाल्याचा चाचणी मेल दाखवण्याचे आश्वासन, गिऱ्हाइकांची यादी तुमच्याच नावाच्या खात्यात राहील याची हमी आणि मजकूर दोनदा बदलून देण्याची तयारी. हे मिळत असेल तर लिहिणाऱ्याला त्याचे पैसे द्या. नुसत्या पाठवण्यासाठी पाच हजार कोणी मागत असेल, तर सरळ नाही म्हणा.