विक्री वाढते तेव्हाच रोकड का आटते?

डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण तो विकणाऱ्याच्या रोकडीचा प्रश्न मानांकनाने सुटत नाही. मसोलीत बसून आसपासच्या वाड्यांतला माल उचलायचा आणि दिल्ली-राजस्थानकडे रवाना करायचा, अशा धंद्यात वहीवर नफा दिसतो, विक्री वाढत असते आणि तरीही बागायतदाराच्या हिशोबाच्या दिवशी हात आखडतो. मग संशय खर्चावर जातो, कधी नोकरांवरही जातो. माझ्या मते पैसा बहुतेक वेळा कुठे गेलेला नसतो, तो उधारीत अडकलेला असतो. वाढलेल्या विक्रीला आणखी किती पैसा अडकवून ठेवावा लागेल, हे आधी मोजलेलं नसतं.

आकडे कल्पित घेऊ, पण हिशोब खऱ्यासारखा करू. समजा रोजची विक्री ३०,००० रुपये आहे. त्यात बागायतदाराचे २४,०००, खोकी, मजुरी आणि भाडं मिळून ३,०००, आणि उरलेला नफा ३,०००. चिकू काही दिवसांत पिकून उतरतो, त्यामुळे साठ्यात पैसा अडकत नाही. अडकतो तो येण्यात. लांबचा व्यापारी २५ दिवसांनी पैसे देतो, म्हणजे रोजच्या २७,००० रुपयांच्या खर्चाने ६ लाख ७५ हजार बाहेर राहतात. बागायतदार सरासरी ५ दिवस थांबतो, म्हणून १ लाख २० हजार त्याच्याकडून वापरायला मिळतात. उरलेले ५ लाख ५५ हजार स्वतःचे हवेत. हेच या धंद्याचं खेळतं भांडवल.

आता विक्री दुप्पट झाली की आणखी ५ लाख ५५ हजार लागतात. पूर्वीचा महिन्याचा नफा ९०,०००. घरखर्च, गाळा, पगार ५०,००० धरले तर शिल्लक ४०,०००. नवी विक्री सुरू झाली तरी तिचे पहिले पैसे यायला २५ दिवस लागतात, आणि तेवढ्या काळात खरेदी मात्र रोज चालूच असते. ४०,००० ला ५ लाख ५५ हजारांनी भागलं की उत्तर येतं सुमारे ७ टक्के. स्वतःच्या पैशावर महिन्याला एवढीच वाढ झेपते. त्यापुढे कुणाचे तरी पैसे आणावेच लागतात. शिवाय नवं गिऱ्हाईक बहुधा जास्त दिवस मागतं. दुप्पट झालेल्यातली नवी निम्मी विक्री २५ ऐवजी ३५ दिवसांवर गेली, तर वाढीव गरज ८ लाख २५ हजारांवर जाते.

यावर पहिला आक्षेप असा, की बँकेची कॅश क्रेडिट आहेच ना. आहे, आणि ती घ्यावीही. पण नायक समितीच्या पद्धतीने बँक वार्षिक उलाढालीच्या २० टक्क्यांपर्यंत मर्यादा देऊ शकते. दुप्पट झालेल्या धंद्याची उलाढाल सव्वादोन कोटींच्या जवळ जाते, म्हणजे मर्यादा ४० लाखांच्या पुढे, आणि गरज ११ ते १४ लाखांची. उरलेली मर्यादा टेम्पोत किंवा जमिनीत गेली की ती पुन्हा रोकड होत नाही, व्याज मात्र चालू राहतं. म्हणून मर्यादा गरजेपुरतीच वापरावी. दुसरा आक्षेप, वसुलीचा तगादा लावला तर गिऱ्हाईक तुटेल. पण ३०,००० चा एक माल बुडाला, तर तो भरून काढायला तेवढाच माल दहा वेळा विकावा लागतो. एवढ्या जोखमीवर टिकवलेलं गिऱ्हाईक महाग पडतं. तिसरा आक्षेप, ४५ दिवसांत पैसे मिळवून देणारा कायदा आहे. उद्यम नोंदणी जुलै २०२१ पासून व्यापाऱ्यांना मिळते खरी, पण ती प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जासाठी. विलंबित देण्याचं ते संरक्षण व्यापाऱ्याला मिळत नाही. बागायतदाराला थांबवणं हा तर उपायच नाही. त्यालाही तोडणीची मजुरी द्यायची असते, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा माल दुसऱ्याच्या गाडीत चढतो.

म्हणून दर सोमवारी एकच भागाकार करा: बाजारात असलेलं एकूण येणं भागिले रोजची सरासरी विक्री. ३०,००० च्या विक्रीवर येणं साडेसात लाख असेल तर उत्तर २५. तेच ३० झालं तर विक्री कितीही वाढो, रोकड आटणारच. दुप्पट धंद्यात वसुलीचा एक दिवस ५४,००० रुपयांचा असतो. पाच दिवस आधी पैसे आले तर २ लाख ७० हजार मोकळे होतात, म्हणजे दीड महिन्याचा नफा. त्यासाठी प्रत्येक गिऱ्हाइकाची उधारीची मर्यादा आधी ठरवा, आणि जुनं येणं आल्याशिवाय नवी गाडी भरू नका. नवी ऑर्डर स्वीकारण्याआधी किती नफा मिळेल हे विचारता, तसंच तिचे पैसे किती दिवस अडकतील आणि तोवर खरेदी कशावर चालेल हेही विचारा. उत्तर नसेल तर ऑर्डर लहान घ्या.