गावातूनच लावायचा फोन : 14416

धानोरा तालुक्यातल्या आपल्या एका ताईला तीन महिने झोप नव्हती. बैठकीत ती गप्प बसायची, बचतीचा हिशोबही चुकायचा. "डॉक्टरकडे जा" म्हटलं तर म्हणाली, "एसटीचं भाडं, दिवसाची मजुरी बुडणार, अन् गावात कळलं तर वेडी म्हणतील."

तिच्यासाठी आम्ही 14416 लावला. ही टेली-मानस नावाची सरकारी सेवा. 2022 च्या 10 ऑक्टोबरला सुरू झाली. रात्रंदिवस चालू असते आणि फोनचे पैसे लागत नाहीत. आधी भाषा विचारतात, तेव्हा मराठी निवडायची. मग प्रशिक्षित समुपदेशक बोलतो. झोप किती, जेवण कसं, कधीपासून असं होतंय, जीव द्यावासा वाटतो का, हेही सरळ विचारतात. त्या प्रश्नाने घाबरू नका, खरं ते सांगा. फोनवरच्या बोलण्याने भागणार नसेल तर ते मानसोपचार डॉक्टरांशी जोडून देतात, नाहीतर जवळच्या सरकारी दवाखान्यात पाठवतात.

आता गुपिताचं. सांगितलेलं बाहेर न फोडणं हा 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला आपला हक्क आहे. पण घरातला फोन तर मुलाचा! ताईने आमच्या सहयोगिनीच्या फोनवरून, रस्त्याच्या चढावर जिथे रेंज येते तिथे बसून बोलणं केलं. एक गोष्ट तेव्हा ध्यानात आली. विचारपूस करायला ते पुन्हा फोन करू शकतात, आणि तो त्याच नंबरवर येतो. म्हणून सुरुवातीलाच सांगायचं, "हा फोन माझा नाही, मीच पुन्हा लावीन." घरचाच फोन वापरला असेल तर कॉल यादीतून नंबर पुसून टाका.

दोन अडचणी मात्र आहेत. या सेवेच्या भाषांमध्ये गोंडी-माडिया नाही. मराठी जमत नसेल तर शेजारी बसून सांगणारी बाई लागते, आणि ती कोण असावी हे बोलणारीनेच ठरवावं, आपण नाही. दुसरं, गोळ्या लागणार असतील तर शेवटी दवाखाना गाठावाच लागतो. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. ओपीडीचा वार आधी आशाताईकडून विचारून घ्या, नाहीतर भाडं वाया जातं.

ताईला गोळ्या लागल्याच. गोळ्यांचा गुण यायला दोन-तीन आठवडे जातात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून आठव्या दिवशी तिने त्या बंद केल्या. तिने 14416 पुन्हा लावला, तेव्हा हे समजलं.

कुणी आजच मरायचं बोलत असेल तर तिला एकटी सोडू नका. फवारणीचं औषध घरातून हलवा, आणि 112 किंवा 108 लावा.

ताई आता दर बुधवारी त्याच चढावर जाऊन बोलते. रजिस्टर पुन्हा तिच्याकडे दिलं आहे.