फीवाढीचं पत्र हातात आल्यावर

जूनमध्ये मुख्याध्यापकांचं पत्र येतं: 'शिक्षकांचे पगार आणि इमारतीची देखभाल यांचा खर्च वाढल्यामुळे वार्षिक फी 24,000 वरून 30,000 रुपये करण्यात येत आहे.' बीडच्या पालकाने कारणांच्या आधी त्यात एक तारीख शोधावी. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीने ही फी कधी मंजूर केली?

महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, 2011 नुसार खासगी शाळेच्या व्यवस्थापनाला फीचा प्रस्ताव पुढचं वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावा लागतो. म्हणजे साधारण डिसेंबरात. नेमके तेव्हा आपल्या जिल्ह्यातले हजारो पालक ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात गेलेले असतात आणि मुलं आजीआजोबांकडे असतात. निर्णय त्यांच्या माघारी होतो, आणि पत्र मात्र ते परतल्यावर येतं. म्हणून टोळी निघण्याआधी, जून-जुलैतच समितीकडे लक्ष द्यावं. समितीतले पालक चिठ्ठ्या टाकून निवडले जातात. चिठ्ठीत आपलं नाव घालावं. समितीवर कोण आलं, ते फलकावर पाहून त्यांचा फोन नंबर जवळ ठेवावा.

पत्रात 'पंधरा टक्क्यांपर्यंत वाढ करता येते' असं लिहिलेलं असेल, तर ते जसंच्या तसं मानू नका. सरसकट तेवढी वाढ करण्याचा हक्क शाळेला कुठेच दिलेला नाही. पंधरा टक्क्यांची अट आहे ती कार्यकारी समितीने मंजूर केलेली फी आणि व्यवस्थापनाने मागितलेली फी यांच्यातल्या फरकाला. समजा, वरच्या उदाहरणात समितीने 26,000 रुपये मंजूर केले. व्यवस्थापनाला हवे आहेत 30,000. फरक 4,000 रुपयांचा, म्हणजे 26,000 च्या 15 टक्क्यांहून (3,900) थोडा जास्त. त्यामुळे व्यवस्थापन विभागीय शुल्क नियामक समितीकडे जाऊ शकतं. त्याने 29,500 मागितले असते, तर कार्यकारी समितीचे 26,000 च बंधनकारक ठरले असते. ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षं बदलता येत नाही. तेव्हा मागच्याच वर्षी फी वाढली असेल, तर पहिला प्रश्न तोच विचारा.

शंका असेल तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि पोचपावती घ्या. अर्जात तीनच गोष्टी मागा: समितीच्या सभेचं इतिवृत्त, मंजूर फीचा तपशील आणि प्रस्तावासोबत जोडलेला खर्चाचा हिशोब. पगारवाढ हे कारण असेल, तर ती हिशोबात दिसलीच पाहिजे. गेल्या वर्षीची शिल्लकही तिथेच कळते. सभा झालीच नसेल किंवा उत्तर मिळत नसेल, तर अर्जाची प्रत जोडून बीड जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार करा.

समितीनेच मंजूर केलेली फी मान्य नसेल, तर एकट्याचा अर्ज पुरत नाही. 2018 च्या दुरुस्तीनुसार शाळेतले किमान 25 टक्के पालक एकत्र आले, तर विभागीय समितीकडे दाद मागता येते. 400 पालकांच्या शाळेत 100 सह्या लागतील. त्या गोळा करायला जून-जुलैच बरा, सगळे गावात असतात.