बँकेला हवा असतो तो बारा आकड्यांचा नंबर

१२ एप्रिल २०२५. शनिवार, हनुमान जयंती. त्या दिवशी दुपारच्या सुमारास देशभर युपीआयची गाडी अडखळली होती. तांत्रिक अडचणीमुळे काही व्यवहार होत नसल्याचं एनपीसीआयनेच जाहीर केलं होतं. ही बातमी मला संध्याकाळी कळली. दुपारी मी वाशिमच्या एका दुकानात उभा होतो. उन्हाळी भुईमुगासाठी स्प्रिंकलरचे पाईप आणि नोझल घेतले होते आणि काउंटरवरचा क्यूआर कोड स्कॅन करून ४,८०० रुपये पाठवले होते. मोबाइलच्या पडद्यावर गोल फिरत राहिलं आणि शेवटी 'Processing' असं येऊन थांबलं. मिनिटभरात बँकेचा एसएमएस आला, खात्यातून पैसे वजा. दुकानातला आवाज करणारा डबा मात्र गप्प.

"भाऊ, माह्या खात्यात काही आलं नाही अजून," दुकानदार म्हणाला. "आले की माल घेऊन जाजा."

त्याचं काही चुकत नव्हतं. पण पंचाईत अशी की तो दुसरा शनिवार. रविवारी सुट्टी, सोमवारी १४ एप्रिल म्हणजे आंबेडकर जयंती. बँक उघडणार थेट मंगळवारी. भुईमूग तेवढे दिवस थांबत नाही, म्हणून मी रोख देऊन माल उचलला. देण्याआधी एक मात्र केलं. दुकानदाराच्या बिलावरच लिहून घेतलं की युपीआयचे ४,८०० मागाहून जमा झाले तर ते परत करायचे. अडकलेले पैसे कधी कधी उशिरा समोरच्याच्या खात्यात पोचतात, आणि मग एकाच मालाचे दोनदा पैसे जातात. ओळखीचं दुकान असलं तरी हे लिहून घ्यावं.

मंगळवारी शाखेत गेलो. पुतण्याने काढलेला पावतीचा स्क्रीनशॉट खिडकीवरच्या साहेबांना दाखवला. त्यात वरच्या बाजूला एक लांबलचक क्रमांक होता. आधी एक इंग्रजी अक्षर आणि मागे आकड्यांची रांग. साहेबांनी चष्मा वर केला, एकदा पाहिलं आणि म्हणाले, "हा आमच्याकडे निघत नाही. ॲपवाल्यांना विचारा." रांगेत माझ्यामागे उभ्या असलेल्या एका बाईंच्या हातातही तसाच स्क्रीनशॉट होता. त्या तेवढ्यावरच परत फिरायला निघाल्या होत्या.

साहेब खोटं बोलत नव्हते. तो क्रमांक ॲपने स्वतःच्या वहीसाठी दिलेला असतो. बँकेच्या संगणकात तो नसतोच. बँकेला लागतो तो बारा आकड्यांचा नंबर, आणि तो माझ्या मोबाइलवर शनिवारपासून पडून होता. बँकेच्या एसएमएसमध्ये 'Refno' या शब्दापुढे. तो मी वाचून दाखवला, साहेबांनी टंकला आणि व्यवहार समोर आला. पैसे निघाले आहेत, समोरच्या बँकेकडून जमा झाल्याचा निरोप आलेला नाही. मागच्या बाईंनाही मी त्यांचा एसएमएस उघडायला सांगितला.

हा बारा आकड्यांचा नंबर कुठे कुठे वापरला जातो ते पाहिलं की तो का चालतो हे कळतं. तुमच्या बँकेकडून पैसे निघतात, एनपीसीआयच्या यंत्रणेतून जातात आणि समोरच्याच्या बँकेत पोचतात. या तिन्ही ठिकाणी त्या व्यवहाराची ओळख हाच नंबर असतो. म्हणून तुमच्या पासबुकात तो असतो, दुकानदाराच्या पासबुकातही तोच असतो. ॲप मात्र या साखळीच्या वर बसलेलं असतं आणि ते आपल्या सोयीसाठी वेगळा क्रमांक देतं.

गोंधळ होतो तो याला दिलेल्या नावांमुळे. फोनपेच्या पावतीवर 'Transaction ID' म्हणून जो दिसतो तो T अक्षराने सुरू होणारा ॲपचा क्रमांक. बारा आकड्यांचा नंबर त्याच्या बराच खाली, ज्या खात्यातून पैसे गेले त्या ओळीपाशी 'UTR' म्हणून लिहिलेला असतो. पुतण्याच्या स्क्रीनशॉटमध्ये नेमका तोच भाग कापला गेला होता. गुगल पेवर उलटं. तिथे 'UPI transaction ID' हा बारा आकड्यांचा, म्हणजे कामाचा, आणि 'Google transaction ID' हा अक्षरं-आकड्यांचा, त्यांच्या घरचा. पेटीएम त्याला 'UPI Ref No.' म्हणतं. बँकेच्या माणसाच्या तोंडी 'आरआरएन' हा शब्दही येतो. नावं चार, नंबर एकच. काही ठिकाणी तीन अक्षरांनी सुरू होणारा चांगला ३५ अक्षर-आकड्यांचा क्रमांकही दिसतो. तो युपीआयचाच अंतर्गत असतो, पण शाखेच्या खिडकीवर तो वाचून दाखवण्यात अर्थ नाही.

तेव्हा पावतीवरची नावं पाठ करू नका, आकडे मोजा. बारा असावेत आणि मध्ये एकही अक्षर नसावं. आणखी एक खूण माझ्या पासबुकावरून लक्षात आली. शनिवारच्या व्यवहाराचा नंबर असा होता (शेवटचे आकडे बदलून देतो):

```
510248137726
```

पहिला ५ म्हणजे २०२५ सालातला शेवटचा आकडा. पुढचे १०२ म्हणजे वर्षाचा एकशे दोनावा दिवस. जानेवारीचे ३१, फेब्रुवारीचे २८, मार्चचे ३१ आणि एप्रिलचे १२, बेरीज करून पाहा. पासबुकातल्या इतर युपीआय नोंदींनाही हाच हिशेब लागला. हा फक्त आडाखा आहे, तक्रारीत लिहायचा पुरावा नव्हे. पण जुन्या पावत्यांच्या ढिगात नेमकी कोणती आपली, हे ओळखायला उपयोगी पडतो.

आकडे मोजताना एक खड्डा आपल्याकडे हमखास लागतो. महावितरणचा ग्राहक क्रमांकही बारा आकडीच असतो आणि आधारही. वीजबिल भरलेल्या पावतीवर ग्राहक क्रमांक ठळक छापलेला असतो आणि लोक तोच बँकेला देऊन मोकळे होतात. वीजबिलाच्या बाबतीत तर दोन तक्रारी वेगळ्या समजायच्या. पैसे खात्यातून गेले आणि व्यवहारच अडकला, तर बँकेला युपीआयचा बारा आकडी नंबर. व्यवहार यशस्वी आहे पण बिल थकीतच दिसतं, तर महावितरणकडे ग्राहक क्रमांक आणि बिल भरल्याची पावती, कारण त्यांच्याकडे शोध ग्राहक क्रमांकावरून सुरू होतो. ऑनलाइन खरेदीचंही तसंच. कंपनीला ऑर्डरचा क्रमांक कळतो, तुमचा यूटीआर ती नंतर मागेल.

ॲपमध्ये तक्रार करायची असेल तर कोणताच नंबर टंकावा लागत नाही. इतिहासात जाऊन तोच व्यवहार उघडायचा आणि तिथल्या मदतीच्या बटनातून तक्रार टाकायची. मग ॲपला आपला क्रमांक आपोआप कळतो. खरं तर सुरुवात इथूनच करावी. सुट्टीच्या तीन दिवसांत शाखा बंद असली तरी हे दार उघडं असतं, आणि तक्रारीवर शनिवारचीच तारीख पडते.

तारखेला महत्त्व आहे, कारण पैसे परत येण्याला मुदत आहे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे, एका व्यक्तीने दुसऱ्याला पाठवलेले पैसे खात्यातून गेले आणि समोर जमा झाले नाहीत, तर ते व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. दुकानाला दिलेल्या पैशांसाठी ही मुदत पाच दिवसांची आहे. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने न मागता. दिवस कॅलेंडरचे मोजायचे, बँकेच्या कामाचे नव्हेत. 'मधे सुट्ट्या होत्या ना' हे उत्तर इथे लागू होत नाही. माझं पेमेंट दुकानाच्या क्यूआरवर होतं, म्हणजे मुदत १७ एप्रिल. पैसे १६ तारखेला परत आले, त्यामुळे भरपाईचा प्रश्न आला नाही. पासबुक छापून घेतलं तर एकाच बारा आकड्यांच्या दोन नोंदी होत्या, एक नावे आणि एक जमा. परतावा आला की नाही हे रकमेवरून शोधू नका, या नंबरावरून शोधा. एकाच दिवशी ५०० च्या चार नोंदी असल्या की रक्कम काही सांगत नाही.

शाखेत मी जो अर्ज दिला तो चार ओळींचा होता. त्याची नक्कल बरेच जण मागतात, म्हणून देतो:

"माझ्या खात्यातून (शेवटचे चार आकडे अमुक) दि. १२/०४/२०२५ रोजी दुपारी युपीआयने रु. ४,८०० वजा झाले. यूटीआर क्र. अमुक. रक्कम ज्या युपीआय आयडीवर पाठवली तो अमुक. समोरच्यास रक्कम मिळालेली नाही. कृपया रक्कम परत मिळावी व तक्रार क्रमांक द्यावा."

नंबर हाताने उतरवू नका. ॲपमध्ये त्याच्या शेजारी नक्कल करण्याची खूण असते, ती दाबून तो स्वतःलाच मेसेज करून ठेवा आणि त्यावरून लिहा. बारातला एक आकडा चुकला तरी साहेबांना व्यवहार सापडणार नाही, किंवा दुसऱ्याचाच सापडेल. शेवटच्या ओळीतला तक्रार क्रमांकही सोडू नका. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनाशुल्क जाता येतं. तिथे 'आधी बँकेकडे तक्रार केली होती का' हे विचारतात. तेव्हा नुसता यूटीआर पुरत नाही, बँकेच्या तक्रारीची तारीख आणि पोच लागते. त्यासाठी अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यावा.

एक गोष्ट मात्र या सगळ्यापेक्षा वेगळी धरायची. पैसे अडकले नसून कुणी फसवून नेले असतील तर शाखा उघडायची वाट पाहू नका. लगेच १९३० वर फोन करा. तिथेही हाच बारा आकडी नंबर विचारतात, तो हाताशी ठेवूनच फोन लावा. आणि अडकलेल्या पैशांसाठी इंटरनेटवर 'कस्टमर केअर' शोधून मिळालेला नंबर कधीच लावू नका. तिकडे बसलेला माणूस आधी तुमचा यूटीआर घेऊन विश्वास बसवतो आणि मग पिन टाकायला किंवा मोबाइलचा पडदा दाखवायला सांगतो. परताव्यासाठी पिन लागत नाही. पिन मागितला की फोन ठेवा आणि बँकेचा नंबर पासबुकावरून किंवा एटीएम कार्डाच्या मागून घ्या.